चाळीस लाखांच्या आधीच लागणारा जीएसटी

जुलै २०२५ मध्ये कर्नाटकाच्या वाणिज्य कर विभागाने हजारो छोट्या व्यापाऱ्यांना नोटिसा पाठवल्या. विभागाने यूपीआय कंपन्यांकडून २०२१-२२ ते २०२४-२५ या चार वर्षांची आकडेवारी मागवली होती. ज्यांच्या खात्यावर वर्षाला ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त रक्कम जमा झाली आणि ज्यांच्याकडे जीएसटी नोंदणी नव्हती, त्यांना खुलासा विचारला गेला. हावेरीतल्या एका भाजीवाल्याला चार वर्षांतल्या १ कोटी ६३ लाखांच्या व्यवहारांवर सुमारे २९ लाखांची मागणी आली. ताज्या भाजीवर जीएसटी नाही, आणि फक्त करमुक्त माल विकणाऱ्याला नोंदणीचीही सक्ती नाही. बंगळुरूत कित्येक दुकानांतून क्यूआर कोड उतरले, बंदची हाक दिली गेली. शेवटी मुख्यमंत्र्यांनी व्यापाऱ्यांबरोबर बैठक घेतली आणि यापुढे नोंदणी करणाऱ्यांकडून जुनी बाकी वसूल केली जाणार नाही, असे जाहीर केले.

या प्रकरणातून महाराष्ट्रातल्या अनेक घरगुती विक्रेत्यांनी एकच आकडा लक्षात ठेवला: चाळीस लाख. आकडा खरा आहे. महाराष्ट्रात आणि गोव्यात फक्त वस्तू विकणाऱ्याला १ एप्रिल २०१९ पासून वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. सेवा देणाऱ्यासाठी ही मर्यादा २० लाखांची आहे. पण ऑनलाइन विक्रेत्याच्या बाबतीत हा आकडा तीन-चार अटींवर उभा आहे आणि त्या अटी फार थोड्यांना माहीत असतात. नोटीस येते ती बहुतेक वेळा तिथेच.

पहिली अट राज्याच्या सीमेची. नोंदणी नसलेल्या विक्रेत्याला करपात्र वस्तू दुसऱ्या राज्यात विकता येत नाही. विकायची असेल तर नोंदणी पहिल्या रुपयापासून लागते, तिथे ४० लाखांचा संबंध उरत नाही. कोल्हापूरहून बेळगावला पाठवलेले एक पार्सल, सिंधुदुर्गातून पणजीला गेलेला एक डबा, नागपूरहून इंदूरच्या मावशीच्या ओळखीतल्या कुणाला विकलेला एक ड्रेस, हे सगळे कायद्याच्या भाषेत आंतरराज्य पुरवठे आहेत. अमेरिकेतल्या नातेवाइकांच्या महाराष्ट्र मंडळाला विकून पाठवलेला मालही त्यातच मोडतो, कारण निर्यातसुद्धा आंतरराज्य पुरवठा मानली जाते. सरकारने यादी केलेल्या हस्तकलेच्या वस्तूंना इथे सवलत आहे. त्या दुसऱ्या राज्यांत २० लाखांपर्यंत नोंदणीशिवाय विकता येतात, मात्र पॅन आणि ई-वे बिल लागते. शिलाई मशीनवर शिवलेल्या कुर्तीला हस्तकला म्हणून ही सूट मागता येणार नाही.

दुसरी अट विक्री कुठून होते याची. मोठ्या मार्केटप्लेसवर माल लावायचा तर ३० सप्टेंबर २०२३ पर्यंत प्रत्येक विक्रेत्याला नोंदणी सक्तीची होती, उलाढाल पाच हजारांची असली तरीही. बचत गटांच्या आणि घरगुती उद्योगांच्या वाटेत हा मोठा अडथळा होता आणि तो काढला हे फार चांगले झाले. १ ऑक्टोबर २०२३ पासून मर्यादेखालचा विक्रेता नोंदणीशिवाय मार्केटप्लेसवर विकू शकतो, पण आपल्या एकाच राज्यात. त्यासाठी त्याला www.gst.gov.in या पोर्टलवर पॅन आणि पत्ता देऊन एक नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. हा क्रमांक म्हणजे जीएसटी नंबर नव्हे. त्यावर कर लावता येत नाही आणि रिटर्नही भरावे लागत नाही. दुसऱ्या राज्यातली ऑर्डर अशा विक्रेत्याकडे जाऊ न देण्याची जबाबदारी मार्केटप्लेसवर आहे. इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅपवर मात्र अडवणारे कुणी नसते. ग्राहक पत्ता पाठवतो, विक्रेता पार्सल बांधतो, आणि सीमा ओलांडली गेल्याचे कुणाच्या ध्यानीही येत नाही.

तिसरी अट ‘फक्त वस्तू’ या शब्दांत आहे. साड्या विकणाऱ्या बाई ग्राहकांच्या कापडाचे ब्लाउज शिवून देऊन शिलाई घेत असतील, किंवा शनिवार-रविवारी फॅशन डिझाइनचे क्लास घेत असतील, तर त्या सेवाही देतात. मग ४० लाखांची सवलत जाते आणि मर्यादा २० लाखांवर येते. ठेवींवरच्या व्याजामुळे ही सवलत जात नाही, एवढा दिलासा कायद्याने दिला आहे.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. चिंचवडमध्ये राहणाऱ्या एक ताई सुती आणि खणाच्या कुर्त्या शिवून घेतात आणि विकतात. थोड्या मार्केटप्लेसवर, थोड्या व्हॉट्सअॅपवर, थोड्या प्रदर्शनात. सगळे ग्राहक महाराष्ट्रातलेच, नावनोंदणी क्रमांक घेतलेला, शिवणकाम बाहेरचे घेत नाहीत. म्हणजे ४० लाखांची मर्यादा त्यांना पूर्ण लागू आहे. नोव्हेंबरच्या मध्यावर त्या बँकेचे स्टेटमेंट काढतात तर एप्रिलपासून ३१ लाख ८० हजार जमा दिसतात. अजून आठ लाखांची सवड आहे असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात तशी सवड उरलेलीच नसते.

कारण बँकेतली जमा म्हणजे उलाढाल नव्हे. मार्केटप्लेसवर ग्राहकांनी २२ लाखांचा माल घेतला होता, पण कमिशन आणि डिलिव्हरीचा खर्च कापून ताईंच्या खात्यावर १६ लाख ८० हजारच आले. उलाढालीत २२ लाख धरायचे, कारण ग्राहकाने मोजलेली किंमत तीच आहे. कमिशन हा ताईंचा खर्च आहे. व्हॉट्सअॅपवरची विक्री १५ लाखांची, ती पूर्ण बँकेत आली. प्रदर्शनातले ३ लाख रोखीने आले आणि घरखर्चात व कारागिरांच्या मजुरीत गेले, पण तीही विक्रीच. सगळे मिळून ४० लाख. उलट भावाने उसने दिलेले किंवा सासूबाईंनी पाठवलेले पैसे खात्यावर आले असतील तर ती उलाढाल नाही. ते वेगळे दाखवता यावे म्हणून व्यवसायाचे खाते स्वतंत्र ठेवणे हा खर्च नसलेला पण फार मोलाचा उपाय आहे. कर्नाटकातल्या अनेकांना खुलासा देताना नेमकी हीच अडचण आली.

आणखी एक गोष्ट. उलाढाल पॅनवर मोजली जाते, दुकानावर किंवा ब्रँडच्या नावावर नाही. ताईंनी त्याच पॅनवर मसाल्यांचे दुसरे पान उघडले असेल तर त्याची विक्री यातच मिळते. करमुक्त मालाची विक्रीसुद्धा एकूण आकड्यात धरतात.

समजा, १८ नोव्हेंबरच्या एका ऑर्डरने ४० लाखांची रेषा ओलांडली. त्याच दिवसापासून ताईंवर कर भरण्याची जबाबदारी आली. नोंदणीचा अर्ज करायला तिथून ३० दिवस मिळतात, म्हणजे १८ डिसेंबरपर्यंत. अर्जाला सरकारी शुल्क नाही. पॅन, मोबाइल आणि ईमेलवर आलेले ओटीपी, आधारची पडताळणी, फोटो आणि व्यवसायाच्या जागेचा पुरावा एवढे लागते. घरूनच काम चालत असेल तर घराचा पत्ता चालतो. अर्ज अडकतो तो बहुधा याच कागदावर. वीजबिल सासऱ्यांच्या नावावर असते आणि त्यांचे संमतीपत्र जोडलेले नसते. मग अधिकारी पोर्टलवरून शंका विचारतो आणि सात कामकाजाच्या दिवसांत उत्तर गेले नाही तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून लहान करदात्यांसाठी तीन कामकाजाच्या दिवसांत नंबर देण्याची सोपी पद्धतही सुरू झाली आहे.

मिळणारा नंबर १५ अंकाक्षरांचा असतो. त्यातले पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७ आणि गोव्याचे ३०, आणि पुढची दहा म्हणजे आपलाच पॅन. बँक खात्याचा तपशील ३० दिवसांत किंवा पहिले विक्री रिटर्न भरण्याआधी, जे आधी येईल तेव्हा, पोर्टलवर चढवावा लागतो. मार्केटप्लेसच्या दुसऱ्या राज्यातल्या गोदामात माल ठेवायचा असेल तर त्या राज्यात वेगळी नोंदणी लागते, हे सही करण्यापूर्वी पाहून घ्यावे.

ताईंनी १० डिसेंबरला अर्ज केला आणि १६ डिसेंबरला प्रमाणपत्र हातात आले असे धरू. मुदतीत अर्ज केल्यामुळे नोंदणी मागील तारखेने, म्हणजे १८ नोव्हेंबरपासून लागू होते. त्या दिवसापासून १६ डिसेंबरपर्यंत विकलेल्या मालावर कर भरायचा आहे, पण ग्राहकांकडून तो घेतलेला नाही. या काळात ३ लाख १५ हजारांची विक्री झाली असेल, तर त्या रकमेतच कर आहे असे मानून हिशोब करतात. ५ टक्के दराने मूळ किंमत ३ लाख आणि कर १५ हजार. हे १५ हजार ताईंच्या नफ्यातून जातात. प्रमाणपत्र मिळाल्यापासून एका महिन्याच्या आत या काळातल्या बिलांच्या जागी सुधारित बिले द्यायची असतात. नोंदणी नसलेल्या ग्राहकांसाठी ती एकत्रित करता येतात.

याच्या बदल्यात एक मोठा फायदा मिळतो. १७ नोव्हेंबरच्या रात्री घरात जे कापड, बटणे आणि तयार कुर्त्या शिल्लक होत्या, त्यांच्या खरेदीवर भरलेला कर ताईंना परत वापरता येतो. बिले एका वर्षाच्या आतली हवीत आणि तसा स्वतंत्र फॉर्म मुदतीत भरावा लागतो. मागणी दोन लाखांच्या वर असेल तर सनदी लेखापालाचा दाखला लागतो. शिलाई मशीनवरचा कर मात्र यात मिळत नाही.

अर्ज उशिरा, समजा फेब्रुवारीत केला तर? मग नोंदणी प्रमाणपत्राच्या तारखेपासून लागू होते, पण कराची जबाबदारी १८ नोव्हेंबरपासूनचीच राहते. मधल्या तीन महिन्यांचा कर भरायचा, त्यावर वर्षाला १८ टक्के व्याज, शिल्लक मालावरचे क्रेडिट गेलेले, आणि नोंदणी न केल्याबद्दल १० हजार रुपये किंवा बुडालेल्या कराइतकी रक्कम, यांपैकी जी जास्त असेल तेवढा दंड होऊ शकतो. तीस दिवस या संपूर्ण विषयातले सर्वांत महाग दिवस आहेत.

नंबर मिळाला की बिल बदलते. आधी ताई साधी पावती देत आणि त्यावर जीएसटी लावणे बेकायदा होते. नोंदणी नसताना कर वसूल केला तर तो सरकारजमा करावाच लागतो आणि वर दंड होतो. आता प्रत्येक विक्रीचे कर बिल हवे आणि ते माल घराबाहेर पडण्यापूर्वी किंवा पडताना तयार असले पाहिजे. बिलावर ताईंचे नाव, पत्ता आणि जीएसटी नंबर, तारीख, ओळीने चालणारा क्रमांक, मालाचे वर्णन आणि संख्या, करापूर्वीची किंमत, कराचा दर आणि रक्कम आणि सही हवी. क्रमांक १६ अक्षरांपेक्षा लांब नसावा आणि एका आर्थिक वर्षात दोनदा येऊ नये. मालाचा एचएसएन सांकेतांक पाच कोटींखालच्या विक्रेत्याने व्यापारी ग्राहकाच्या बिलावर चार अंकी लिहायचा असतो. सामान्य ग्राहकाच्या बिलावर तो ऐच्छिक आहे. दोनशे रुपयांखालच्या विक्रीला, ग्राहकाने मागितले नाही तर, स्वतंत्र बिल नसले तरी चालते. दिवसाअखेर त्या सगळ्यांचे एक बिल करतात.

एक कुर्ती ९९० रुपयांना आणि कुरिअरचे ६० रुपये, अशी १,०५० रुपयांची ऑर्डर पाहू. अनेक जण फक्त कुर्तीवर कर लावतात आणि कुरिअर बाजूला ठेवतात. ते चूक आहे. ग्राहकाकडून घेतलेला पाठवणीचा खर्च वस्तूच्या किमतीतच धरतात आणि त्याला वस्तूचाच दर लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाला २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यांवर ५ टक्के आणि त्यावरच्या कपड्यांवर १८ टक्के कर आहे. म्हणून पूर्ण १,०५० रुपयांत करापूर्वीची रक्कम १,००० आणि कर ५०. पार्सल साताऱ्याला गेले तर केंद्राचे २५ आणि राज्याचे २५. बेळगावला गेले तर सगळे ५० एकात्मिक कर म्हणून.

कर कोणत्या राज्याचा हे ठरवायला बिलावर ग्राहकाचा पत्ता, निदान राज्याचे नाव तरी, हवे. ५० हजारांच्या वरच्या बिलावर नाव आणि पूर्ण पत्ता सक्तीचा आहे, पण ऑनलाइन विक्रेत्याने तो प्रत्येक बिलावर घ्यावा हेच बरे. भेटीच्या ऑर्डरी इथे घोटाळा करतात. पैसे पुण्यातला भाऊ देतो, कुर्ती बंगळुरूच्या बहिणीला जाते. १ ऑक्टोबर २०२३ पासूनच्या नियमानुसार बिलावर नोंदवलेला पत्ता महत्त्वाचा आहे, आणि केंद्रीय मंडळाने जून २०२४ मध्ये स्पष्ट केले की दोन पत्ते असतील तेव्हा माल जिथे पोहोचवायचा तो पत्ता धरायचा. म्हणजे ही विक्री कर्नाटकातली.

कपड्यांच्या धंद्यात परत येणारा माल फार असतो. माप बसले नाही, रंग फोटोसारखा नाही. अशा वेळी जुने बिल खोडून टाकायचे नाही किंवा त्याचा क्रमांक दुसऱ्याला द्यायचा नाही. परताव्याची क्रेडिट नोट काढायची आणि ती त्या महिन्याच्या विक्रीतून वजा करायची. क्रमांकातली गळती आणि क्रेडिट नोटांचा अभाव या दोन गोष्टींवरून वहीतला गोंधळ लगेच दिसतो.

आता रिटर्न. नियमित पद्धतीत दोन असतात. जीएसटीआर-१ मध्ये विक्री सांगायची आणि जीएसटीआर-३बी मध्ये कर, क्रेडिट आणि भरणा. दर महिन्याला भरायचे तर तारखा पुढच्या महिन्याच्या ११ आणि २०. पाच कोटींपर्यंत उलाढाल असणाऱ्याला तिमाही पद्धत निवडता येते. मग पहिले रिटर्न तिमाहीनंतरच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत आणि दुसरे महाराष्ट्र व गोव्यात २२ तारखेपर्यंत. कर मात्र तीन महिने साठवून ठेवता येत नाही. तिमाहीतल्या पहिल्या दोन महिन्यांचा कर त्या-त्या पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत चलनाने भरायचा. हे शेवटचे वाक्य विसरले जाते आणि व्याज लागते.

ताईंची जानेवारी ते मार्चची तिमाही पाहू. करापूर्वीची विक्री महाराष्ट्रात ६ लाख आणि बाहेर २ लाख. ५ टक्क्यांनी कर ४० हजार. कापडाच्या ३ लाखांच्या खरेदीवर त्यांनी १५ हजार कर भरला आणि मार्केटप्लेसचे कमिशन व कुरिअर मिळून ६० हजारांवर १८ टक्क्यांनी १०,८०० भरला. एकूण क्रेडिट २५,८००. उरले १४,२००. राज्यातल्या विक्रीपैकी ४ लाखांची विक्री मार्केटप्लेसवरून झाली होती. त्यावर मार्केटप्लेसने अर्धा टक्का, म्हणजे २ हजार रुपये, आधीच कापून सरकारजमा केले. पूर्वी हा दर एक टक्का होता, १० जुलै २०२४ पासून तो अर्ध्यावर आला. ही रक्कम पोर्टलवर जाऊन स्वीकारावी लागते, तेव्हाच ती ताईंच्या रोख खात्यात येते. अनेकांचे पैसे केवळ ते बटण न दाबल्यामुळे पडून राहतात. शेवटी तिमाहीत भरायचे १२,२००.

या हिशोबात दोन जागा निसरड्या आहेत. कापडवाल्याने स्वतःचे विक्री रिटर्न भरले नाही तर त्याचे बिल ताईंच्या जीएसटीआर-२बी या विवरणात दिसत नाही आणि जे दिसत नाही त्याचे क्रेडिट घेता येत नाही. दुसरी जागा मार्केटप्लेसची. तो प्रत्येक विक्रेत्याची विक्री दर महिन्याला जीएसटीआर-८ मध्ये सरकारला कळवतो. ताईंनी ३ लाख ८० हजार दाखवले आणि मार्केटप्लेसने ४ लाख, तर तफावत यंत्रणेलाच दिसते. म्हणून रिटर्नआधी मार्केटप्लेसचा मासिक अहवाल, स्वतःची बिले आणि बँक या तिन्हींचा मेळ घालायचा.

एवढे नको असेल तर कंपोझिशन योजना आहे. दीड कोटींपर्यंत उलाढाल असलेला उत्पादक किंवा व्यापारी १ टक्का कर भरून मोकळा होतो. तिमाहीला एक भरणा आणि वर्षाला एक रिटर्न. १ ऑक्टोबर २०२३ पासून असा विक्रेता मार्केटप्लेसवरही विकू शकतो. पण ग्राहकाकडून कर घेता येत नाही, खरेदीवरचे क्रेडिट मिळत नाही आणि राज्याबाहेर विक्री करता येत नाही. फक्त महाराष्ट्रात विकणाऱ्या आणि बिनबिलाच्या छोट्या कारागिरांकडून माल घेणाऱ्याला ती सोयीची. बेळगाव-पणजीचे ग्राहक असलेल्या ताईंना नाही.

विक्री शून्य असलेल्या काळातही रिटर्न भरावेच लागते, एसएमएसनेही ते जाते. न भरल्यास दिवसाला २० रुपये, विक्री असेल तर ५० रुपये विलंब शुल्क चढते. दीड कोटीखालच्या विक्रेत्याला ते प्रत्येक रिटर्नमागे २ हजारांवर आणि शून्य रिटर्नला ५०० रुपयांवर थांबते. शुल्कापेक्षा मोठा धोका नोंदणी रद्द होण्याचा आहे. तिमाही पद्धतीत सलग दोन रिटर्न चुकली तर अधिकारी ती रद्द करू शकतो, आणि नंबर गेला की मार्केटप्लेसवरचे दुकान बंद होते. धंदा थांबवायचाच असेल तर नंबर तसाच सोडू नये. पोर्टलवर रद्द करण्याचा अर्ज करावा आणि नोंदणी रद्द झाल्यापासून तीन महिन्यांत जीएसटीआर-१० हे अंतिम रिटर्न भरावे. ते भरल्याशिवाय ताईंची सुटका होत नाही.